बायजाबाईंचं खळं

रेवदंड्यात मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या हमदुल्लासरांना तालुक्याचा प्रशिक्षक पुरस्कार मिळाला. मंडळाच्या फेसबुक पानासाठी त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या मेहनतीला सर्वांचं सहकार्य लाभलं.’

त्यांच्या पत्नी कुलसुमभाभी म्हणाल्या, “सर्वांचं म्हणजे कुणाचं? बायजा वाचेल आणि म्हणेल, घ्या तुमची मेहनत, शोधा दुसरं खळं.”

सरांनी तो मजकूर पुसला. बायजाबाईंची परवानगी घेऊन पुन्हा लिहिलं, ‘अंतिम सामना मृणालच्या पकडीने जिंकला. तिची आई बायजाबाई सुकत घातलेली मासळी रोज लवकर उचलतात, म्हणून सरावाला खळं मिळतं. प्रशिक्षकाचा पुरस्कार मला मिळाला.’

दुसऱ्या दिवशी आम्ही मुली सरावाला पोहोचलो तेव्हा खळं झाडून तयार होतं. आता तिथे होमस्टे आहे. तिथून जाताना मला अजून सुकटीचा वास येतो.