कासवाचा भूतकाळ

कासवाचं काम मी चुकीच्या मुलीला दिलं. वडूजजवळच्या शाळेत तेव्हा मी नवा मास्तर होतो, आणि व्याकरणातले काळ शिकवायला मोठ्या दिमाखात गोष्ट लिहिली होती. कासव भूतकाळात बोलायचं, ‘मी तळ्यावर गेले, पाणी प्यायले.’ मुंगी वर्तमानात, ‘मी दाणा उचलते, घरी नेते.’ चिमणी भविष्यात, ‘मी काड्या आणीन, घरटं बांधीन.’ मध्येच काळ बदलला की खाली बसायचं. शेवटी प्रत्येकाने आपापल्या काळात वडिलांबद्दल सांगायचं होतं.

कासव म्हणालं, “दसऱ्याला बाबा आले, त्यांनी रिबिनी आणल्या. ते पलटणीत आहेत.”

“‘आहेत’ नाही. कासव ‘होते’ म्हणतं,” मी म्हणालो.

ती खाली बसली. एकाहत्तरच्या लढाईत तिचे वडील बेपत्ता झालेत, हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली.

“सून अजून कुंकू लावती, मास्तर. घरात आमी कुणी त्याला ‘होता’ म्हणत न्हाई. तुमी पोरीकडनं म्हणवून घेताय व्हय?”

मी म्हणालो, “आजी, आता तिला चिमणी करतो. ‘बाबा येतील’ म्हणेल ती.”

“नगं. तुमी गणितच शिकवा. माणसांचं तुमास्नी कळत न्हाई.”