कागदावर न आलेले साडेनऊ हजार

बेंगळुरूच्या कंपनीनं महिन्याला हातात ऐंशी हजार देऊ केले, तेव्हा मी बेळगावात बावन्न घेत होतो. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी इंजिनियर माणूस, आकडे मांडल्याशिवाय मला पाणीसुद्धा गोड लागत नाही. बायकोची घरून करायची नोकरी तिथंही तेवढ्याच पगाराची राहणार होती, म्हणून तिचा पगार बाजूला ठेवला.

रविवारी सकाळी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या घरात कागद घेऊन बसलो. माझ्या पगारातून खर्च चौतीस हजार, शिल्लक अठरा. तिथं वस्तू साधारण सव्वापट महाग, म्हणजे चौतीसचे साडेबेचाळीस. शिल्लक तेवढीच हवी, म्हणून वर अठरा. साडेसाठ हजारांत भागत होतं आणि देणारा ऐंशी देत होता. मी खूश होऊन आईला कागद वाचून दाखवला.

आई निपाणीत तीस वर्षं विड्या वळत होती. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यामुळे मोजण्यात तिला कुणी फसवू शकत नाही.

"ह्यात घरभाडं कुठं हाय रं?" तिनं विचारलं.

नव्हतं. हिंडलग्याचं घर आमचंच, भाडं कधी दिलंच नव्हतं. ऑफिसजवळ दोन खोल्यांना चोवीस हजार पडणार होते.

"आन् तांदूळ?"

तो माझ्या सासुरवाडीच्या, खानापूरच्या शेतातून वर्षाचा यायचा. तिथं विकत, महिन्याला दोन हजार. जे पैसे न देता मिळत होतं, ते मी खर्चच धरलं नव्हतं. बेरीज साडेशहाऐंशीवर गेली. ऐंशी हजारांत आमची शिल्लकच खाल्ली जाणार होती.

"तुझ्या पोरीकडं कोण बघणार? मी काय तिकडं येणार न्हाय."

मी फोन करून पाळणाघराची फी विचारली आणि आईसमोरच लिहिली, साडेनऊ हजार. आता शहाण्णव झाले. आईनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं पैसं न्हाय मिळायचं," ती म्हणाली, "पर त्याबी हातानंच वळलेल्या असायच्या."

मग ती उठून नातीची वेणी घालायला गेली.

मी शहाण्णव मागितले. चार दिवस घासाघीस झाली, शेवटी मिळाले. आम्ही आलो, आणि राहणीमान खरंच तेच आहे. हिशेब चुकला नाही.

पाळणाघराची फी मी पाच तारखेला भरतो. एक दिवस उशीर झाला तर दंड लागतो, म्हणून मोबाईलवर आठवण लावून ठेवली आहे. हिंडलग्यात तीन वर्षं पोरीला सांभाळायचं हेच काम आई करत होती, आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तिला पहिलं विचारायचो, माझा चहा झाला का. याची मला लाज वाटते.