रोजचे तीन मेल

धाटावच्या रासायनिक वसाहतीतील एका कारखान्यात नमिता पाटील ही मुलगी आकड्यांचे काम पाहत असे. तिचे माहेर कासूचे, लग्नानंतरचे घर वरशाला. गावातून कॉम्प्युटर शिकून साहेबांच्या ऑफिसात बसणारी ती पहिलीच मुलगी असल्यामुळे कासूत तिचे नाव आदराने घेतले जाई. त्या आदराला तिच्या हातून कसा कमीपणा आला, ते मी जसे घडले तसे सांगतो.

कारखान्यातील यंत्रांचे आकडे प्रत्येक शिफ्टचे ऑपरेटर शिफ्ट संपताना टॅबवर भरत. ते सारे एका पडद्यावर चौकटीचौकटींत दिसत. आकडा ठीक असला की चौकट हिरवी, बिघडला की लाल. या पडद्याला डॅशबोर्ड म्हणत. साहेब लोकांना तो उघडून बघायला सवड नसे, म्हणून नमिताने अशी सोय केली की ठरलेल्या वेळी त्या पडद्याचा फोटो आपोआप निघावा आणि मेलने प्रत्येक साहेबाकडे जावा. प्रथम हा मेल दिवसातून एकदा, सकाळी सहाला जात असे आणि त्यात एकच पान असे.

पुढे उत्पादन पाहणारे प्रविण साहेब म्हणाले, "माझ्या खात्याचं पण टाक ना त्यात." मग स्टोअरवाले म्हणाले, मग सेफ्टीवाले. नमिताने कोणालाही नाही म्हटले नाही. पाने सहा झाली आणि चौकटी बत्तीस. एकदा कारखान्याचे प्रमुख हर्षद साहेब सहज बोलून गेले, की दुपारचे काही कळत नाही. त्यावर तिने दुपारी दोन आणि रात्री दहा असे आणखी दोन मेल सुरू केले. वार्षिक अहवालात तिने अभिमानाने लिहिले, की वर्षात एक हजाराहून अधिक मेल वेळेवर गेले. ते उघडले किती जणांनी, हा प्रश्न तिला पडला नाही.

टॅब आले त्या वेळी ऑपरेटरांना शिकवण्याचे काम तिच्याकडेच होते. त्या वर्गात कासूचेच गुणाजी म्हात्रे बसले होते. थंड पाण्याच्या प्लांटवर त्यांची अठ्ठावीस वर्षे गेली होती. रिअॅक्टर, म्हणजे ज्यात माल तयार होतो ती टाकी, थंड ठेवण्यासाठी मीठ घातलेले पाणी उणे दहा अंशांवर फिरवत ठेवायचे, हे त्यांचे काम.

"गो नमिता," ते बोट टॅबवर टेकवत म्हणाले, "ह्यात भरलं म्हंजे भागलं? मी आपला काय वाकडं दिसलं की इन्चार्जला फोन लावतंय."

"आता फोन करायची गरज नाय, काका. तुम्ही भरलात की थेट साहेबांच्या मोबाइलवर जातं."

"थेट?"

"व्हय, थेट."

"मग बरा हाय. फोनवर ओरडून ओरडून घसा बसलाय माजा."

वर्ग हसला. नमिताही हसली. तिचे हे वाक्य गुणाजींनी मनापासून पाळले.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्यांची रात्रपाळी होती. रात्री दोन रिअॅक्टर एकदम चालत, त्यामुळे थंड पाण्यावर भार पडे. पहिल्या रात्री पाणी उणे नऊ राहिले, दुसऱ्या रात्री उणे सात, तिसऱ्या रात्री उणे सहा, चौथ्या रात्री उणे चार. प्रत्येक सकाळी सात वाजता गुणाजींनी आकडा भरला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: मशीनमधील गॅस कमी वाटतो, बघावे. पाचव्या रात्री रिअॅक्टर थंड राहिला नाही आणि आतला सगळा माल फुकट गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

चौकशीसाठी आकडे काढून आणायला नमितालाच सांगण्यात आले. तिने ते काढले, आणि काढता काढता सगळे तिच्या लक्षात आले. सकाळचा मेल सहाला जाई आणि रात्रपाळीचा आकडा सातला भरला जाई. म्हणजे सकाळच्या फोटोत रात्रीची हकीकत कधीच नसे, असे ती आदल्या दिवशीचीच. शिवाय चौकटीत तिने शेवटच्या तीन शिफ्टची सरासरी दाखवली होती. दिवसाच्या दोन शिफ्ट उणे दहावर असल्यामुळे रात्रीचा वाईट आकडा त्यांच्यात मिसळून जाई आणि चौकट हिरवीच राही. चौथ्या रात्रीनंतर मात्र सरासरी उणे आठ झाली आणि चौकट लाल झाली. दुपारी दोनच्या मेलमध्ये ती लाल होती, रात्री दहाच्या मेलमध्येही लाल होती. पण ती होती चौथ्या पानावर, आणि मेल उघडताच समोर येई ते पहिले पान, सगळे हिरवे. शेऱ्याचा रकाना तर डॅशबोर्डवर तिने घेतलाच नव्हता.

हे दोन्ही मेल तिला स्वतःलाही आले होते. पण फार गर्दी होते म्हणून तिने सहा महिन्यांपूर्वीच अशी व्यवस्था केली होती, की हे मेल समोर न येता परस्पर एका बाजूच्या फोल्डरमध्ये जावेत. दुसऱ्यांना दिवसातून तीनदा जे पाठवत होती, ते ती स्वतः वाचत नव्हती.

चौकशीच्या खोलीत गुणाजी टोपी हातात धरून उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"चार रात्री पाणी गरम होतंय आणि तुम्ही इन्चार्जला एक फोन केला नाहीत?" प्रविण साहेबांनी विचारले. "अठ्ठावीस वर्षांत हेच शिकलात?"

गुणाजींनी एकदा नमिताकडे पाहिले. ती समोरच, लॅपटॉप उघडून बसली होती. मग त्यांनी नजर खाली घेतली.

"टॅबवर भरलं होतं, साहेब."

"टॅबवर भरलं की झालं? फोन का नाही केला?"

"चुकलं माजा."

हर्षद साहेब टेबलाच्या टोकाला बसून कागद चाळत होते. तो क्षण नमिताचा होता. एक वाक्य पुरले असते. तिच्या जिभेवर ते आले आणि तिथेच राहिले; तिने मान खाली घालून लॅपटॉपवर काहीतरी टाइप केल्यासारखे केले. गुणाजींना चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसवण्यात आले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कासूहून तिच्या आईचा, चंद्रावतीबाईंचा फोन आला.

"गो, गुणाजीभाऊंना घरी पाठवलं म्हणं? सकाळपासून ओटीवर बसून हायत. कुणाशी बोलत नाय."

"चौकशी चाललीय, आई."

"मी गेलेलू भाकरी घेऊन. म्हटलं, आमची नमिता हाय ना तिथं, तिला सांगा. तर म्हणतात कसे, पोरीला मध्ये घालू नका, तिची नोकरी नवी हाय." मग चंद्रावतीबाईंनी विचारले, "तुझा काय संबंध हाय काय त्यात?"

"नंतर बोलते," असे म्हणून नमिताने फोन ठेवला. आईशी खोटे बोलणे तिला जमले नाही आणि खरेही बोलवले नाही. गुणाजींनी तिचे नाव घेतले नाही, इतकेच नव्हे तर घ्यायचे नाही असे ठरवले, हे कळल्यावर तिला ताटावर बसवेना. शिव्या दिल्या असत्या तर सोपे गेले असते.

तिसऱ्या दिवशी ती हर्षद साहेबांच्या केबिनमध्ये गेली. उभ्यानेच तिने सगळे सांगितले: फोन करू नका असे आपण वर्गात शिकवले, मेलची वेळ चुकीची ठेवली, सरासरीत खरा आकडा बुडवला, लाल चौकट चौथ्या पानावर टाकली. शेवटी, ज्याची तिला सर्वांत जास्त लाज वाटत होती, ते सांगितले.

"आणि मी स्वतः ते मेल वाचत नव्हते, साहेब."

हर्षद साहेबांनी आपला मोबाइल तिच्यासमोर सरकवला. न उघडलेल्या तिच्या मेलांचा आकडा सहाशेच्या पुढे होता.

"मी शेवटचा मेल कधी उघडला, आठवत नाही," ते म्हणाले. "येत होते, म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चाललो. हे परवा त्या खोलीत मीही बोललो नाही."

त्यांनी त्याच दिवशी गुणाजींचे निलंबन मागे घेतले आणि टेबलावर कोरा कागद ठेवला. "आता सांग, मला काय पाठवायचं?"

"ते तुम्हीच सांगायचं, साहेब. कोणता आकडा वाईट दिसला तर तुम्ही हातातलं काम सोडून फोन उचलाल?"

हा प्रश्न तिने पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. साहेबांनी विचार करून पाच गोष्टी सांगितल्या. थंड पाणी त्यांतली दुसरी होती.

मग मेलची वेळ ठरली. साहेब साडेसातला पेणहून गाडीत बसतात आणि साडेआठला धाटावला बैठक घेतात. रात्रपाळी सातला भरते, साडेसातपर्यंत आकडे पडद्यावर येतात. म्हणून मेल पावणेआठला, दिवसातून एकदाच. त्यात एक पान, पाच चौकटी, सरासरी नाही तर सर्वांत वाईट आकडा, आणि खाली ऑपरेटरचा शेरा जसाच्या तसा. आकडे किती वाजेपर्यंतचे आहेत ते वर लिहिलेले. एखाद्या शिफ्टने भरले नसेल तर जुना आकडा न दाखवता चौकट रिकामी ठेवायची. बाकीच्या सत्तावीस चौकटी सोमवारच्या मेलमध्ये गेल्या. प्रविण साहेबांनी त्यावर कुरकुर केली.

"माझं पान रोज हवं."

"गेल्या महिन्यात किती वेळा बघितलंत?" हर्षद साहेबांनी विचारले. प्रविण साहेबांनी चहाचा कप उचलला.

आणखी एक गोष्ट ठरली. आकडा मर्यादेबाहेर गेला तर मेलची वाट पाहायची नाही. भरताक्षणी शिफ्ट इन्चार्जच्या मोबाइलवर संदेश जाईल, आणि ऑपरेटर फोनही करील.

हे शेवटचे सांगण्यासाठी नमिताने पुन्हा वर्ग घेतला. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "फोन करू नका, असं मी शिकवलं होतं. ते चूक होतं. काकांचा दोष नव्हता." गुणाजी मागच्या बाकावर होते. त्यांनी ऐकून घेतले आणि टोपी नीट केली.

वर्ग सुटल्यावर ती त्यांच्याजवळ गेली. "काका, मला माफ करा."

"माफी कसली, मॅडम," गुणाजी शांतपणे म्हणाले. "साहेबांना सांगितलंत, खूप झालं."

लहानपणापासून ज्यांनी तिला गो म्हणून हाक मारली, त्यांनी तिला मॅडम म्हटले. आवाजात राग नव्हता. ते स्कूटरवर बसून निघून गेले आणि ती फाटकापाशी उभी राहिली.

चार महिन्यांनी गुणाजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशीही त्यांनी तिला मॅडमच म्हटले. नमिता आता रोज पावणेआठचा मेल सर्वांत आधी स्वतः उघडते आणि शेऱ्याची ओळ शेवटपर्यंत वाचते. सुट्टीला कासूला गेली की गुणाजींच्या ओटीवर थोडा वेळ बसते. ते थंड पाण्याबद्दल विचारतात, प्लांटबद्दल विचारतात. हाक बदललेली नाही, आणि ती बदला असे म्हणण्याचे धैर्य तिला अजून झालेले नाही.