अर्जातले शेंगदाणे

स्नेहल रामटेकेने तो अर्ज रागात लिहिला होता, आणि राग जरा निवळू द्यावा असं तिला मुळीच वाटलं नव्हतं.

रामटेके मूळचे भंडाऱ्याचे. वडील श्रीपत छावणीतल्या इंजिनिअरिंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. बदलीवर लखनौला आले ते अलीगंजात कायमचेच राहिले. स्नेहल इथलीच. आई मराठीत बोलायची, ही हिंदीत उत्तर द्यायची. भांडायचं असलं की मात्र तिला मराठीच सुचायची. चित्रकलेची पदवी घेऊन आठ महिने झाले होते आणि हाताला काम नव्हतं.

अशात गोमतीनगरच्या एका पॅकेजिंग स्टुडिओची जाहिरात आली. ज्युनिअर प्रॉम्प्ट रायटर हवा होता. पाकिटावर कसं चित्र हवं ते नेमक्या शब्दांत लिहायचं, म्हणजे वस्तू कोणती, कोन कुठला, उजेड कुठून, नावासाठी मोकळी जागा कुठे. त्यावरून संगणक चित्र काढणार. अक्षरं मागाहून डिझायनर बसवणार, कारण अक्षरांचा यंत्र हमखास घोळ घालतं.

"चार वर्षं हातानं काढायला शिकलीस," श्रीपत म्हणाले, "ती मशीनला निबंध सांगायला?"

"पप्पा, हातवाला काम है कहाँ? तुम्हीच सांगा."

श्रीपतांच्याही ऑफिसातली ड्रॉइंग बोर्डं कधीच भंगारात गेली होती.

अर्ज करण्याआधी स्नेहलने स्टुडिओची वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर, मिरवायला लावल्यासारखं, गजकचं, म्हणजे तिळगुळाच्या खुसखुशीत वडीचं, एक पाकीट होतं. ते पाहताच तिच्या कानशिलांत रक्त चढलं.

हे पाकीट जानेवारीत तिनेच घरी आणलं होतं. तिची आई माया हिला शेंगदाणा चालत नाही. विदर्भातल्या घरात दाण्याचं कूट नाही म्हटल्यावर लोक हसतात, पण रामटेक्यांच्या स्वयंपाकघरात दाणा येतच नसे. पाकिटावर नुसते तीळ चमकत होते, सोनेरी, दाट. स्नेहलने मागची यादी वाचायचा प्रयत्न केला होता. ती शिवणीच्या घडीत गेली होती. तिने चित्रावर भरवसा ठेवला. पाचच मिनिटांत आईचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास अडकू लागला. भर दुपारी स्कूटरवर पुढे श्रीपत, मध्ये आई, मागे तिला धरून स्नेहल, असे ते दवाखान्यात पोचले. आई वाचली. घरी येऊन स्नेहलने पाकीट कात्रीने उघडं केलं, शिवण सपाट केली. यादीत पहिलाच शब्द शेंगदाणे होता.

मग तिने अर्ज लिहिला. इंग्रजीत होता, मतलब असा:

"मला हे काम येतं. तुमच्या गजकच्या पाकिटावरचं चित्र सुंदर आहे आणि खोटं आहे. त्यात शेंगदाणा नाही, आत आहे. त्यामुळे माझी आई मरता मरता वाचली. यंत्राला पाकिटात काय आहे ते ठाऊक नसतं. ते सांगणं प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याचं काम. मला घेतलंत तर मी आधी घटकांची यादी वाचेन, मग वर्णन लिहीन. नमुना जोडला आहे: मोडलेल्या गजकचा तुकडा, अगदी जवळून, मोडलेल्या कडेत अर्धवट कुटलेले शेंगदाणे स्पष्ट दिसताहेत, वरून तीळ, डावीकडून सकाळचा उजेड, वरचा तिसरा भाग नावासाठी मोकळा, चित्रात अक्षरं नकोत."

चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

स्टुडिओचे मालक निरंजन समोर अर्जाची प्रत ठेवून बसले होते. शेजारी डिझाइन सांभाळणाऱ्या हेमा, लॅपटॉप उघडून.

"रामटेके..." निरंजन म्हणाले. "ये कौन लोग हुए?"

"महाराष्ट्र के।"

"वो तो समझा। मतलब, क्या हुए?"

"मी कामाचा नमुना पाठवलाय सर, त्याबद्दल विचारा," हे तिच्या तोंडून मराठीतच निघालं. मग तिने तेच हिंदीत सांगितलं.

निरंजन हसले. "नमुना अच्छा है. ये लेटर और किसको भेजा?"

"किसी को नहीं।"

त्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. मग म्हणाले, नोकरी पक्की. फक्त हा अर्ज परत घ्यायचा आणि दुसरा साधासा पाठवायचा. असला कागद फायलीत राहिला तर उद्या कुणी म्हणेल, स्टुडिओला माहीत होतं.

"पर मालूम तो था?" स्नेहलने विचारलं. "गलती हुई हो तो समझ सकती हूँ। मशीन ने मूंगफली नहीं बनाई, किसी का ध्यान नहीं गया..."

हेमा इतका वेळ खाली बघत होत्या. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. जुना प्रॉम्प्ट होता. सोनेरी तीळ, खुसखुशीत थर, मखमली पार्श्वभूमी. आणि खाली, चित्रात काय येऊ द्यायचं नाही त्या रकान्यात पहिलाच शब्द: शेंगदाणे.

स्नेहलने तो दोनदा वाचला.

"मशीन तो हर बार मूंगफली बना रही थी," हेमा हळू आवाजात म्हणाल्या. "क्लायंट बोले, मूंगफली दिखती है तो माल सस्ता लगता है। मैंने मना लिख दिया।"

म्हणजे यंत्र दाणे काढत होतं आणि माणसांनी ते बसून पुसले होते. स्नेहलने लॅपटॉप निरंजनांकडे वळवला. बघू दे त्यांना.

"माझी आई स्कूटरवर निळी पडत होती," ती मराठीत म्हणाली, आणि या वेळी हिंदीत सांगायच्या भानगडीत पडली नाही. "अर्ज मी परत घेत नाही. ठेवा फायलीत."

घरी आल्यावर माया म्हणाली, "अगं, एक कागद तर बदलायचा होता. मी जिवंत आहे ना? नोकरी घालवलीस कायले?"

"आई, तू चुप बस!" स्नेहल ओरडली आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःवरच चिडून रडली.

श्रीपतांनी अर्ज मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला. "तीस वर्षं सरकारी कागद पाहतो आहे," ते म्हणाले. "बदललेला कागद पहिल्यांदा बदलणाऱ्याचाच गळा धरतो. पाकिटावर तक्रारीचा पत्ता असेल बघ. तिथे पाठव. रजिस्टर्ड."

तिने गजकच्या कंपनीला अर्जाची प्रत, पाकिटाचे फोटो आणि दवाखान्याचा कागद पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार, असं एक छापील कार्ड आणि खेदाची भेट म्हणून एक खोका. आत तीच गजक, बारा पाकिटं, असं खोक्यावरच छापलं होतं. स्नेहलने तो खोका न उघडता जसाच्या तसा, आणखी चार ओळी लिहून, परत धाडला, आणि त्या पत्राची प्रत अन्नसुरक्षा विभागाला.

पुढल्या थंडीआधी हेमांचा फोन आला. पाकीट बदललं होतं. समोरच ठळक अक्षरांत "शेंगदाणे आहेत" असं छापलं होतं. चित्रात मोडलेल्या कडेला दाणे दिसत होते. "तुम्हारा ही प्रॉम्प्ट लिया, एक शब्द नहीं बदला," हेमा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं.

"मला विचारलंत?"

"प्रॉम्प्ट पर नाम कौन डालता है, बेटा?"

"नाव नका टाकू. विचारायचं होतं." स्नेहलने फोन ठेवला.

ती तोवर लखनौतल्याच तालकटोऱ्याच्या एका छापखान्यात लागली होती. औषधांची खोकी छापतात तिथे. छपाईआधी प्रूफ तपासायचं काम. कधी चित्र हवं असलं तर प्रॉम्प्टही तीच लिहिते. त्या दिवशी फोननंतर तिने खोकल्याच्या औषधाचं प्रूफ तिसऱ्यांदा परत पाठवलं, कारण इशाऱ्याची ओळ घडीत जात होती. मॅनेजर शरद वैतागून म्हणाले, "मॅडम, मशीन रुकी पड़ी है।"

"पड़ी रहने दीजिए," स्नेहल म्हणाली, आणि लाल पेनाने घडीवर रेघ ओढली, इतकी जोरात की कागद फाटला.