चंद्रकोरी दिसल्या, डास रिकामे

डासांना माणसाचे रक्त पाजणे हे शेषगिरीरावांचे सरकारी काम होते. बेंगळूरच्या एका मलेरिया प्रशिक्षण केंद्रात ते प्रयोगशाळा सहायक होते. नेमणूक तात्पुरती, आणि ती दरवर्षी वाढवली जाई. डास ॲनाफिलीस जातीचे, जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेले. नर भिजवलेल्या मनुकांवर जगत. माद्यांना रक्त लागे.

१९६२ साली अडचण अशी झाली की मलेरियाच सापडेना. डीडीटीच्या फवारणीने तो इतका घटला होता की केंद्रात शिकायला येणाऱ्यांना दाखवण्यापुरताही उरला नव्हता. त्यातच तपासणी अधिकारी यायचे होते. डासाच्या लाळग्रंथीतले जिवंत स्पोरोझोइट, म्हणजे डास चावताना माणसात शिरणारे मलेरियाचे परजीवी, दाखवा, म्हणजे पद कायम करण्याची शिफारस करतो, असे त्यांनी कळवले होते.

तेवढ्यात यल्लाप्पा आला. बेळगावकडचा हा मजूर शरावतीच्या खोऱ्यातल्या धरणाच्या कामावरून ताप घेऊन परतला होता आणि कोरमंगलाच्या वीटभट्टीवर लागला होता. क्लोरोक्विनने ताप उतरला, अंगात ताकद आली. पण रक्तात फाल्सिपॅरम जातीच्या मलेरियाच्या चंद्रकोरी, म्हणजे परजीवीचे नर-मादी रूप, तशाच होत्या. क्लोरोक्विनला त्या दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते. डासांना हे रक्त पाजता यावे म्हणून केंद्रप्रमुख साहेबांच्या तोंडी परवानगीने ते लांबणीवर टाकले गेले.

यल्लाप्पाने पिंजऱ्याच्या जाळीला हात लावून धरला.

"काय ओ रावसाहेब, ह्यास्नी जेवण मिळालं. माझं कवा?"

"स्वल्प थांब रे. इडली मागवली आहे."

"डासाला माणसाचं रगात, माणसाला इडली. सरकारचं लय न्यारं हाय."

शेषगिरीरावांनी त्याच्या बोटातला थेंब काचपट्टीवर ताजाच ठेवून शिकणाऱ्यांना दाखवला. बाहेरच्या हवेत थंड होताच नर चंद्रकोर गोल झाली आणि थोड्याच वेळात तिच्यातून चाबकासारखे धागे वळवळत सुटले. डासाच्या पोटात हेच धागे मादीशी मिळतात. दुसऱ्या दिवशी रक्त प्यालेल्या डासाचे पोट फाडले तर आत या मिलनातून झालेले लांबट ऊकिनीट सापडले. ते जठराची भिंत भेदून बाहेरच्या अंगाला जातात आणि तिथे ऊसिस्टचा फोड धरतात. पुढल्या आठवड्यात ते फोडही दिसले. ते पिकून फुटले की स्पोरोझोइट सुटून लाळग्रंथीत शिरतात. पण तोवर शिकणाऱ्यांच्या सुयांखाली पिंजऱ्यातले सगळे डास संपले होते.

तपासणीसाठी दुसरा पिंजरा लागणार होता. स्पोरोझोइट तयार व्हायला दहा-बारा दिवस हवेत, म्हणून शेषगिरीरावांनी दिवस मागे मोजून यल्लाप्पाला पुन्हा बोलावले. सकाळी रंगवलेल्या काचपट्टीत चंद्रकोरी भरपूर होत्या. ताजा थेंब त्यांनी पाहिला नाही. एकदा पाहिलेलेच पुन्हा काय पाहायचे? खोलीत ऊब राहावी म्हणून बल्ब लावले, हवा कोरडी पडू नये म्हणून पिंजऱ्यावर ओला पंचा टाकला आणि निर्धास्त झाले. मधल्या दिवसांत एकही डास फाडला नाही. तपासणी अधिकाऱ्यांना भरला पिंजरा दाखवायचा होता.

अधिकारी आले. शेषगिरीरावांनी डासाचे डोके सुईने हळूच ओढले, ग्रंथी बाहेर काढल्या, काचेखाली दाबल्या. काही नाही. दुसरा डास, तिसरा. मग जठरे पाहिली. एकावरही फोड नव्हता.

"यल्लाप्पाला बोलवा," ते म्हणाले. सोबत नागनाथही आला. तो कोरमंगला भागात घरोघरी फिरून तपासणीसाठी रक्त घेणारा कर्मचारी, त्यांचाच विद्यार्थी.

"तू काही औषध घेतलंस?" त्यांनी यल्लाप्पाला विचारले.

"मी कुठलं! ह्यानंच चारलं. तुमच्याकडं दुसऱ्यांदा याच्या आदल्या दिशी. समोर उभा राहून, पाणी पाजून."

"प्रायमाक्विन?"

"होय सर," नागनाथ म्हणाला. "मी घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला, चंद्रकोरी होत्या. तुम्हीच शिकवलंय, चंद्रकोर दिसली की त्याच दिवशी गोळ्या द्यायच्या."

"मला विचारायचंस तरी!"

"विचारायला थांबू नका, हेही तुम्हीच शिकवलंय."

गोळ्यांनी चंद्रकोरी निकामी केल्या होत्या. त्या रक्तातून जायला काही दिवस घेतात आणि रंगवलेल्या काचपट्टीत पूर्वीसारख्याच देखण्या दिसतात. मेलेली आणि जिवंत यांत फरक करतो तो ताजा थेंब. तोच त्यांनी पाहिला नव्हता.

"मग आता मला इडली न्हाई?" यल्लाप्पाने विचारले.

अधिकारी मात्र खूश होते. "उत्तम! पिंजराभर डासांनी याचे रक्त प्यायले आणि एकालाही लागण नाही. मोहीम यशस्वी असल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?" त्यांनी नागनाथची पाठ थोपटली.

शिफारस आली. रोगच राहिला नसल्याने डास-विभाग बंद करावा, असे तीत होते. शेषगिरीरावांचे पद कायम झाले, कोरमंगला भागात घरोघरी फिरून रक्त घेण्यासाठी. सरकारने सायकलही दिली. ती चालवायला ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले.