बेशुद्ध बाईचं नाक

मिठबावजवळच्या एका शाळेत मी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मैदानावर आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण होतं. जखमी म्हणून कोणीतरी हवं होतं, आणि वजनाने सगळ्यांत हलकी मी. माझ्या गळ्यात पाटी अडकवली, 'उजवा पाय मोडला, बेशुद्ध'. दोन बांबू आणि एक चादर यांचं स्ट्रेचर झालं.

स्ट्रेचर धरलेले पुढचे गुरुजी फोटोसाठी अचानक थांबले. मागचे चालतच राहिले. स्ट्रेचर कलंडलं आणि मी ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यावर नाकावर आपटले. नाकात 'कट्' झालेलं मला ऐकू आलं.

मी ओरडले. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही बेशुद्ध आहात."

"अहो, रक्त येतंय!"

"बेशुद्ध माणूस बोलत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर दोघांनी माझ्या उजव्या पायाला फळ्या बांधून टाकल्या होत्या. शेवटी गावच्या आरोग्यसेविकेने गर्दी बाजूला सारली. मला बसवून मान पुढे वाकवायला लावली आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला. रक्त थांबलं. पाय सोडायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

नवऱ्याने मला ओरोसला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी पायाकडे पाहिलं.

"पाय ठीक आहे," मी म्हटलं.

"मग बांधलाय कशाला?"

"प्रशिक्षण होतं."

त्यांनी दिवा लावून नाकाच्या आत दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं. म्हणाल्या, "हाड मोडलंय. पण आता सूज इतकी आहे, की वाकडं किती झालंय ते कळणार नाही. आज बुधवार, सोमवारी या. सूज उतरली की बसवू. पण फार लांबवायचं नाही, दहाएक दिवसांनंतर हाड तसंच जुळायला लागतं. नाक आधी कसं होतं ते बघायला येताना जुना फोटो आणा."

नवऱ्याने एक्स-रेचा आग्रह धरला. त्या म्हणाल्या, "मला ज्याची भीती आहे ते एक्स-रेत दिसत नाही. नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साठलं, तर आतल्या कुर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, पोषण मिळत नाही. दोन-तीन दिवसांत ती मरते आणि नाक मधोमध खचतं. पू झाला तर आणखी वाईट. आज तसं काही नाही. पण नाक दोन्हीकडून चोंदलं, ठणका वाढला किंवा ताप आला, तर सोमवारची वाट बघू नका."

यातला 'सोमवार' तेवढा नवऱ्याच्या लक्षात राहिला.

शुक्रवारी सकाळी नाक पूर्ण बंद झालं. मी तोंडाने श्वास घेत होते आणि डोळ्यांच्या मधोमध घण पडत होते. नवरा अल्बम घेऊन बसला होता. लग्नाच्या फोटोत माझी मान खाली, बारशाच्या फोटोत नाकापुढे कोणाचा तरी हात. सासूबाई म्हणाल्या, "हिचा नाक पयल्यापासून डावीकडेच आसा." नवरा म्हणाला, "नाय गो आये, उजवीकडे." दोघं भांडले. निकालासाठी शेजारणीला बोलावलं. ती म्हणाली, तिने माझ्या नाकाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"माका आता ओरोसाक जावक होया," मी म्हटलं.

"सर्दी आसा ती. वाफ घे," नवरा म्हणाला, "डॉक्टरणीन सोमवार सांगल्यान ना?"

"तू सोमवारीच ये," असं म्हणून मी पर्स उचलली. तो फोटो शोधायचा सोडून धावत मागून आला. शेजाऱ्याच्या रिक्षाने आम्ही ओरोसला पोचलो.

डॉक्टरबाईंनी आत पाहिलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जांभळट, फुगलेल्या उशा. टोकाला कापूस लावलेल्या काडीने दाबलं तर त्या मऊ लागल्या. "आत्ताच काढायला हवं," त्या म्हणाल्या.

सुईने जागा बधिर केली, छोटा छेद दिला आणि काळपट रक्त वाहून गेलं. पुन्हा साठू नये म्हणून दोन्ही नाकपुड्यांत पट्टी ठासली आणि गोळ्या दिल्या. बाहेर आले तर नवरा बाकावर रडत होता. मला हसू आलं, पण नाकात पट्टी असताना हसता येत नाही, हे तेव्हा कळलं.

पट्टी काढल्यावर, पडल्यापासून नवव्या दिवशी, त्यांनी हाड बसवलं. आत पातळ हत्यार, बाहेर अंगठा, पुन्हा एकदा 'कट्'. किंचित उंचवटा राहिला, पण नाक खचलं नाही. श्वास दोन्हीकडून येतो.

नवऱ्याने मात्र ते मनावर घेतलं. पुढच्या पावसाळ्यात वाडीतले एक काका शेवाळावर घसरून तोंडावर आपटले. हा त्यांच्या दारात बॅटरी घेऊन हजर. "काका, मान वर करा. आतला पडदो बघूचो आसा."

काका म्हणाले, "मेल्या, माझो दात पडलो हा!"

तरीही याने दोन्ही नाकपुड्या तपासल्या, आणि मगच त्यांना दवाखान्यात नेलं.