एकतीस नंबरचा फॉर्म

राजेश्रीला कुणी "समाजशास्त्र म्हणजे काय गं, समाजसेवा का?" असं विचारलं की तिचं डोकं फिरायचं. जिंतूरच्या एका शिक्षकाची ही थोरली मुलगी. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला परभणीत मुलींच्या वसतिगृहात राहायची. बारावीला बरे मार्क असताना तिनं हा विषय स्वतःहून घेतला, हे नातेवाइकांपैकी कुणालाच पटलेलं नव्हतं. नाइलाजानं घेतला असता तर निदान कीव तरी वाट्याला आली असती.

तिची खोलीतली मैत्रीण अर्पिता वालूरच्या शेतकरी घरातली. कृषीत एम.एस्सी. करायची. कपाशीच्या वाणांचा प्रयोग तिच्याकडं होता आणि तिच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी एकदा 'प्लॉट' यायचा. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं जमायचं. शास्त्राचा विषय निघाला की मात्र भांडणही सख्ख्या बहिणींसारखंच व्हायचं.

प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरले असताना हे भांडण पुन्हा पेटलं. राजेश्रीनं सेलू तालुक्यातल्या एका गावात पाहणी केली होती. गावाचं नाव प्रबंधात द्यायचं नसतं, म्हणून इथंही ते राहू द्या. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून दर पाचवं घर धरून तिनं शहाण्णव घरं निवडली. बौद्ध वस्तीसाठी प्रश्नावली वेगळी होती. ही शहाण्णव घरं इतर समाजांची. तिचा कळीचा प्रश्न सतरावा होता: बौद्ध वस्तीतलं कुणी घरी आलं तर तुमच्या रोजच्या भांड्यांत चहापाणी, जेवण देता का? उत्तरं तीन: नेहमी, कधीकधी, नाही. शहाण्णवांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी 'नेहमी' म्हणून सांगितलं होतं.

तिचे मार्गदर्शक सर खूश होते. "छान निष्कर्ष आहे. परिवर्तन झालंय म्हणून लिहा," असं ते म्हणाले. राजेश्रीच्या मनात कुठंतरी खुपत होतं, पण आकडा समोर होता आणि आकड्याशी भांडायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

"अठ्ठ्याऐंशी?" अर्पिता गादीवर उठून बसली. "आमच्या गावात बी असं सांगतेत लोक. राजे, तुमी विचारता, ते सांगतेत, तुमी लिवता. याला शास्त्र म्हणायलीस तू?"

"मग काय म्हणू?"

"माहिती म्हण. आमी एकेक वाण चार-चार जागी लावतो. कुठला वाण कुठल्या वाफ्यात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो, म्हंजे चांगली जमीन आपल्या लाडक्या वाणाला जायची न्हाई. दुसऱ्यानं तसंच केलं तर तसंच यायला पायजे. तुझं येईल का?"

"माणसांचे वाफे पाडता येतेत का गं? एका गावाला भेदभाव दे, दुसऱ्याला देऊ नको, असं करू का? आन् ग्रहांवर तरी कोण प्रयोग करतंय? बघूनच शिकतेत ना? कसं निवडलं, काय विचारलं, सगळं उघडं ठेवायचं, आन् चुकलं तर चुकलं म्हणायची तयारी ठेवायची. शास्त्र त्यालाच म्हणतेत."

"मग ठेव तयारी. मी येते. त्याच घरात, तेच प्रश्न. जुळलं तर मी मेसमधी सगळ्यांसमोर कबूल करीन."

राजेश्री इरेला पेटली. रविवारी दोघी पॅसेंजरनं सेलूला उतरल्या, तिथून ऑटोनं गावात गेल्या. राजेश्री बाहेर पारावर थांबली आणि अर्पितानं तिच्याच यादीतली दहा घरं केली. पहिल्या खेपेला या दहाही घरांत 'नेहमी' होतं. आता चारच 'नेहमी' आले. सहा घरांनी उत्तर फिरवलं होतं.

परतताना गाडीत अर्पिताचा चेहरा जिंकलेला होता, आणि राजेश्रीला तो चापटीसारखा लागत होता. "ज्या काट्यावर एकच पोतं दोनदा येगळं भरतंय, तो काटा काय कामाचा?" अर्पिता म्हणाली. राजेश्रीला रडू येत होतं. वर्षभर उन्हातान्हात पायपीट केली, पावसात चिखल तुडवला, कुत्री अंगावर घेतली, आणि हाती हे आलं. त्यातून समोरची म्हणते तेच खरं असेल तर मग पाच वर्षं ती जे शिकली ते तरी काय होतं?

दोन दिवस ती अर्पिताशी बोलली नाही. ते वीस फॉर्म, म्हणजे सहा घरांचे बारा आणि न फिरलेल्या चार घरांचे आठ, शेजारी शेजारी मांडून ती बसून होती. प्रश्न तेच, घर तेच, बहुतेक ठिकाणी उत्तर देणारं माणूसही तेच. बदललं होतं ते एकच. ते तिच्या इतकं जवळ होतं की तिला दिसलंच नव्हतं.

प्रत्येक उंबऱ्यावर तिला आधी विचारलं जायचं, "कुणाची गं तू? आडनाव काय?" संशोधकानं खोटी ओळख द्यायची नसते, म्हणून ती खरं आडनाव सांगायची. ते ऐकलं की पुढचं काही विचारायची गरज कुणाला उरत नसे. आवाज मऊ व्हायचा. त्या मऊपणाला ती वर्षभर आपलं कौशल्य समजत आली होती. आपण बौद्ध, आपल्यासमोर कुणी तोंडावर 'नाही' कसं म्हणेल, एवढी साधी गोष्ट तिनं फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात धरली नव्हती. चूक तिची होती आणि ती भयंकर होती.

"कपाशीचं झाड मापं घेणाऱ्याचं आडनाव विचारतंय का?" तिनं तिसऱ्या दिवशी अर्पिताला उठवून विचारलं.

"सकाळी सकाळी काय झालंय तुला?"

"माणूस विचारतो. आन् विचारून उत्तर बदलतो. पण ते कसं बी बदलत न्हाई, एका दिशेनंच बदलतं. तसं असलं तर ते आधी सांगता यायला पायजे."

अर्पिता पूर्ण जागी झाली. शंका काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. "त्या दहा घरांनी दुसऱ्यांदा तोच प्रश्न ऐकला, म्हणून बी बदललं असंल. आन् ती घरं मीच निवडली होती."

"मग नवी घरं. चाळीस. एकदाच विचारायचं. कोण कुठं जायचं ते चिठ्ठ्यांवर. तुझ्या वाफ्यांसारखं."

"आन् काय येईल ते आधी लिवून दे."

राजेश्रीनं वहीचं पान फाडून लिहिलं: माझ्या विसांत किमान सतरा 'नेहमी', तुझ्या विसांत जास्तीत जास्त आठ. अर्पितानं ते पाकिटात घालून मेसच्या बाईंकडं ठेवायला दिलं. सरांना विचारलं तर ते वैतागले. "आता नवीन खूळ काढू नका. संशोधकानं स्वतःला बाहेर ठेवायचं असतं, ही वस्तुनिष्ठता आहे." मी बाहेर असते तर उत्तरं बदलली कशाला असती, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते न बोलल्याचा तिला नंतर चार दिवस राग येत राहिला.

आधीची शहाण्णव वगळून नोंदवहीतून चाळीस घरं काढली. त्यात एकतीस नंबरला धुरपताबाईचं घर निघालं, तेव्हा राजेश्री हरखली. वर्षभर दुपारची ती तिथंच टेकायची. धुरपताबाई तिला 'माय' म्हणायच्या, ठेचा-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत. अंथरुणाला खिळलेले त्यांचे सासरे माणिकराव तिच्याकडून पेपर वाचून घ्यायचे. दर पाचव्या घराच्या मोजणीत ते घर कधी आलंच नव्हतं. आता ते आपल्या वाट्याला यावं असं तिला फार वाटलं. पण चिठ्ठी अर्पिताच्या नावाची निघाली, आणि चिठ्ठी बदलली तर सगळ्याच खटाटोपाला अर्थ राहिला नसता.

शनिवार-रविवार दोघींनी घरं पालथी घातली. प्रश्न शब्दाला शब्द तेच, दोघींनी स्वतःचं आडनाव खरंच सांगायचं, आणि उत्तरावर मान डोलवायची नाही, असं ठरलं होतं. रविवारी संध्याकाळी मेसमध्ये पाकीट फोडलं. राजेश्रीच्या विसांत अठरा 'नेहमी'. अर्पिताच्या एकोणिसांत सहा. "एका घराला कुलूप होतं," ती म्हणाली.

मग तिनं शब्द पाळला. खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "ऐका गं! राजेश्रीनं आधी सांगितलं तसंच आलंय. मी हरले. हाय ते शास्त्र." मुलींनी ताटं वाजवली.

राजेश्रीला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. अंदाज खरा ठरला याचा अर्थ तिच्याशी गोड बोललेली ती दारं खोटं बोलली होती, आणि हे तिनं स्वतःच्या हातानं सिद्ध केलं होतं. चुकले असते तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

खोलीवर येऊन ती फॉर्म लावायला बसली. एकतीस नंबर नव्हता.

"कुलूप होतं ते घर कुठलं?"

"ते... मारुतीच्या गल्लीतलं."

"धुरपताबाईचं?"

अर्पिता केस विंचरत राहिली.

"अर्पे, माणिकराव आजोबा खाटेवरून हलत न्हाईत. त्या घराला कुलूप लागत न्हाई."

"एका घरानं काय फरक पडायलाय गं? एकोणीस हायेत ना. जुळलंय ना तुझं."

"तुझ्या प्रयोगात एक वाफा तू असाच सोडशील? वाईट वाटलं म्हणून?"

अर्पिताचे डोळे भरून आले. शास्त्राचा हिशेब मागणारी ही मुलगी, आणि कागद दडवला तो तिनंच. तिनं उशीच्या खोळीतून घडी घातलेला फॉर्म काढला, पण हातात दिला नाही. "नको वाचूस, राजे. ती बाई वाईट न्हाई. लय जीव हाय तिचा तुझ्यावर."

राजेश्रीनं तो ओढून घेतला. सतराव्या प्रश्नाला 'नाही'वर खूण होती. खाली शेऱ्याच्या जागी, ठरल्याप्रमाणे, उत्तर देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अर्पिताच्या अक्षरात होते: 'एक मास्तराची पोरगी येती, लय गुणाची. लेकीसारखी हाय मला. तिच्यासाठी एक ताट येगळंच घेऊन ठेवलंय मी, कोपऱ्यात.'

तिनं ते दोनदा वाचलं. आपल्यासाठी दरवेळी कोपऱ्यातून निघणारं ते ताट नवं कोरं असायचं. घरची बाकी ताटं पोचे आलेली होती. मानानं देतात, असं तिला वाटायचं.

अर्पिता जवळ येऊन बसली. "फाडून टाकू का? कुणाला कळणार न्हाई."

"न्हाई," राजेश्री म्हणाली. तिनं तक्ता पुढं ओढला. अर्पिताच्या रकान्यातले एकोणीस खोडून वीस केले, 'नाही'च्या घरात एक वाढवला, आणि पेन तिच्याकडं देत म्हणाली, "विचारणारी तू होतीस. सही कर."